डेंगळ्यांच्या प्लॉटजवळच्या सातेरी पेटीतला नाच वाचताना अंतर चुकते आहे

माळरान | 21 फेब्रुवारी, रात्री 9.10

जुन्नर तालुक्यात आमचे एक एकर कांदा बीजोत्पादन आहे. डेंगळ्यांवरचे गोंडे उमलू लागल्यावर प्लॉटच्या बांधाला सातेरीच्या चार पेट्या ठेवल्या. माशा पेटीतून भरपूर निघतात, पण गोंड्यांवर फारच थोड्या बसतात आणि बाकीच्या प्लॉट ओलांडून कुठेतरी निघून जातात. त्या कुठे जातात हे शोधण्यासाठी त्यांचा नाच वाचता येतो असे वाचनात आले. म्हणून एका वसाहतीतील दोन चौकटी काच लावलेल्या उभ्या पेटीत घालून ती पत्र्याच्या खोपीत ठेवली आणि वर घोंगडी टाकली.

नाच खरोखरच दिसतो. बाहेरून आलेली माशी दाराजवळच्या पोळ्यावर पोट डावी-उजवीकडे झपाट्याने हलवत थोडे सरळ धावते, उजवीकडून वळून मागे येते, पुन्हा तीच सरळ धाव घेते आणि मग डावीकडून मागे येते. काल, 20 फेब्रुवारीला सकाळी 10 वाजता, एकाच माशीचा नाच मोबाईलवर चित्रित केला. तिची सरळ धाव उभ्या रेषेच्या उजवीकडे सुमारे 40 अंश कललेली होती. एका सेकंदात 30 चित्रे येतात असे धरून दहा धावा मोजल्या, तेव्हा सरासरी 1.05 सेकंद आली. एक सेकंद म्हणजे एक किलोमीटर, आणि वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा, असा हिशेब मी वाचला होता. त्याप्रमाणे जेवण करून साडेअकराला निघालो, सूर्याकडे तोंड केले, 40 अंश उजवीकडे वळलो आणि एक किलोमीटर चाललो. तिथे नुसता खडकाळ माळ होता आणि फूल औषधालाही नव्हते. माझे नेमके काय चुकले?

निवृत्त_मास्तर | 21 फेब्रुवारी, रात्री 9.52

आपला प्रयोग वाचून आनंद झाला. मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. मधमाशीचे नाच दोन असतात. मकरंद सापडला तर ती गोल नाचते आणि पराग सापडला तर पोट हलवत नाचते. आपण पाहिलेला नाच परागाचा आहे, त्यामुळे मकरंद देणारे फूल त्या जागी न सापडणे स्वाभाविक आहे. दुसरे असे की माशी अंतर मीटरमध्ये मोजत नाही, तिथवर जायला किती शक्ती खर्च झाली ते मोजते. काल वारा समोरून असेल तर तिला ते अंतर जास्त वाटले असेल आणि तिने तसे सांगितले असेल.

काचपेटी | 21 फेब्रुवारी, रात्री 11.20

मास्तर, आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एके काळी खुद्द कार्ल फॉन फ्रिश यांनीच मांडल्या होत्या, त्यामुळे त्या शिकवल्या गेल्या यात आपला दोष नाही. गोल नाच मकरंदाचा आणि हलता नाच परागाचा हे त्यांचे 1920च्या दशकातील मत होते. त्या वेळी त्यांनी साखरपाण्याच्या बशा पेटीच्या अगदी जवळ ठेवल्या होत्या आणि पराग आणणाऱ्या माशा मात्र दूरच्या फुलांवरून येत होत्या. त्यामुळे अंतराचा फरक त्यांना मालातील फरक वाटला. 1944 साली बशी दूर नेल्यावर मकरंदवाल्या माशाही पोट हलवत नाचू लागल्या आणि त्यांनी आपलेच मत मागे घेतले. शक्तीच्या खर्चाबद्दल नंतर लिहितो, कारण माळरान यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथे दडलेला आहे.

माळरान, आधी तुमची दिशा पाहू, कारण ती चूक सोपी आहे. पोळ्यावरची वरची दिशा म्हणजे सूर्य हे बरोबर आहे, पण तो नाचाच्या वेळचा सूर्य, तुम्ही चालायला निघालात त्या वेळचा नव्हे. तुमच्या अक्षांशावर 20 फेब्रुवारीला सकाळी 10 वाजता सूर्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेला कोन, सुमारे 122 अंश असतो. त्यात माशीचे 40 मिळवले की 162 अंश होतात, म्हणजे दक्षिणेच्या जरा पूर्वेला. साडेअकराला सूर्य 146 अंशांवर पोहोचलेला होता. तुम्ही त्याच्यापासून 40 अंश वळलात, म्हणजे 186 अंशांवर, दक्षिणेच्या जरा पश्चिमेला चालत गेलात. जेवणाने तुम्हाला 24 अंशांनी फिरवले. एक किलोमीटर चालल्यावर एवढ्या कोनाने माणूस चारशे मीटर बाजूला जातो.

म्हणून सूर्याकडे तोंड करून चालण्याची पद्धत सोडा. नाचाची वेळ मिनिटासह लिहा, त्या वेळचा सूर्याचा दिगंश मोबाईलवरच्या एखाद्या खगोल अॅपमधून काढा, त्यात नाचाचा कोन मिळवा (डावीकडे कललेला असेल तर वजा करा) आणि जो आकडा येईल त्याच्यावर होकायंत्र धरून कधीही चाला. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसतो, त्यामुळे त्याची चिंता करू नका.

आता तीन गोष्टी विचारतो. काचेवर ओळंबा लावला होता का? खोपीत उजेड कसला होता? आणि एक सेकंदाला एक किलोमीटर हा हिशेब कोणत्या माशीचा आहे हे कुठे लिहिले होते का?

माळरान | 22 फेब्रुवारी, सकाळी 6.40

ओळंबा लावला नव्हता. पेटीची कड उभी आहे असे धरून कोन मोजला. आज सुताराचा ओळंबा काचेसमोर सोडून पाहिला, तर पेटी तीन अंशांनी कललेली निघाली. पण चित्रात मोबाईलही तितकाच उलट कलला असावा असे वाटते, त्यामुळे 40चा आकडा फार बदलत नाही.

उजेडाबद्दल सांगायचे तर पहिल्या दिवशी मी बॅटरीचा पांढरा झोत टाकून पाहत होतो आणि कोन इतके विखुरलेले येत होते की मी नाद सोडणार होतो. 20 तारखेला बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावला होता. माशीच्या जातीचा उल्लेख कुठे वाचल्याचे आठवत नाही.

काचपेटी | 22 फेब्रुवारी, सकाळी 8.05

पहिल्या दिवशी कोन का विखुरले ते आता कळले. नाचणाऱ्या माशीला झगझगीत उजेड किंवा आकाश दिसले की ती गुरुत्वाचा आधार सोडून त्या उजेडालाच सूर्य मानू लागते आणि वरच्या दिशेऐवजी बॅटरीपासून कोन मोजते. तुमचा हात हलला की तिचा सूर्यही हलतो. लाल रंग माशीला जवळपास दिसतच नाही, म्हणून कागद लावल्यावर नाच ताळ्यावर आला.

अंतराचा तुमचा हिशेब युरोपातील मेलिफेरा माशीचा आहे, आणि तिथेही तो ढोबळच आहे. तुमच्या पेटीत सातेरी आहे. तेवढ्याच अंतरासाठी सातेरी मेलिफेरापेक्षा बराच जास्त वेळ पोट हलवते. मार्टिन लिंडाउअर यांनी 1950च्या दशकात श्रीलंकेत जाऊन आपल्याकडच्या तिन्ही माशांचे नाच मोजले आणि जातीगणिक बोली वेगळी असल्याचे दाखवले. त्यानंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर सातेरी, फुलोरी आणि आग्या यांना एकाच परिसरात तपासले. ते काम 2020 साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की जी माशी चरायला जवळच जाते ती प्रत्येक शंभर मीटरमागे जास्त वेळ नाचते आणि जी लांब जाते ती थोडक्यात आटोपते. सातेरीचा चरण्याचा घेर सर्वांत लहान आणि नाच सर्वांत लांबलेला, तर आग्याचे बरोबर उलट. कारण समजण्यासारखे आहे. धाव फार लांबली की ती पाहणाऱ्यांनाही अवघड जाते, म्हणून लांब जाणाऱ्यांनी माप लहान ठेवले. जवळच फिरणाऱ्यांना मोठे माप परवडते आणि त्यातून बारीक फरक सांगता येतो.

माझ्या स्वतःच्या सातेरी पेटीत मी साखरपाण्याची बशी टप्प्याटप्प्याने दूर नेत मोजले होते. बशी 100 मीटरवर असताना सरासरी 0.4 सेकंद, 200 मीटरवर 0.6 आणि 300 मीटरवर 0.8 सेकंद आले. म्हणजे सुरुवातीचे 0.2 सेकंद बाजूला ठेवायचे आणि पुढच्या प्रत्येक 0.2 सेकंदाला शंभर मीटर मोजायचे. तुमच्या 1.05 मधून 0.2 गेले की 0.85 राहिले, त्याचे सव्वाचारशे मीटर होतात. तुम्ही मात्र एक किलोमीटर चाललात, तोही भलत्या दिशेला. माझे आकडे माझ्या पेटीचे आणि माझ्या शिवारातले आहेत, ते दगडावरची रेघ समजू नका. तरी 162 अंशांवर चारशे ते साडेचारशे मीटरच्या टप्प्यात काय फुलले आहे ते पाहून या.

तिसरा_मजला | 22 फेब्रुवारी, सकाळी 10.30

आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली आग्या मोहोळ आहे. दुपारी त्याच्यावर काळ्या लाटा उमटतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर जातात आणि पुन्हा सुरू होतात. हा तुम्ही म्हणता तोच नाच का? असेल तर त्या कोणत्या दिशेला जायचे ते एकमेकींना सांगत असतात का, आणि त्या लवकर निघून जाणार आहेत असे समजायचे का?

काचपेटी | 22 फेब्रुवारी, दुपारी 1.15

नाही, त्या लाटा वेगळ्याच आहेत. गांधीलमाशी किंवा दुसरे काही जवळ घिरट्या घालू लागले की पोळ्यावरच्या शेकडो माशा एकापाठोपाठ पोट वर उचलतात आणि ती लाट पाहून शत्रू बिचकतो. तो इशारा बाहेरच्याला असतो. खाद्याचा नाच आग्याच्या पोळ्यावरही चालतो, पण तो पोळ्याच्या खालच्या टोकाला, जिथून माशांची ये-जा होते त्या भागात, एकेक माशी नाचत असते. तो दुर्बिणीने दुरूनच पाहा. लाटा उठत असताना सज्जात उभे राहू नका आणि बॅटरीचा झोत तर मुळीच टाकू नका.

निवृत्त_मास्तर | 22 फेब्रुवारी, दुपारी 3.40

चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे, परागाचा मुद्दा मान्य करतो. शक्तीच्या खर्चाचा मुद्दा मात्र सोडवत नाही. माशीच्या पोटात मैलाचा दगड नाही. थकवा आणि पोटातला संपलेला मध यांच्याशिवाय तिला अंतर कळणार तरी कशाने?

अर्धवट_प्रयोग | 22 फेब्रुवारी, सायंकाळी 6.25

मास्तरांच्या प्रश्नाला उत्तर देणारा प्रयोग मला फार आवडतो, म्हणून काचपेटी यांच्या आधी मीच लिहिते. मंड्यम श्रीनिवासन हे मूळचे बंगळुरूत शिकलेले शास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहा मीटरहून थोडा कमी लांबीचा अरुंद बोगदा पेटीपासून 35 मीटरवर ठेवला. बोगद्याच्या भिंतींवर आणि तळावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गजबजलेली नक्षी होती आणि साखरपाणी बोगद्याच्या शेवटी होते. माशीचे खरे उड्डाण चाळीसएक मीटरचेच होते. पण अरुंद बोगद्यातून जाताना भिंती डोळ्यांना चिकटल्यासारख्या जवळ असतात आणि नक्षी भराभर मागे पळते. परत आलेल्या माशा जणू दोनशे मीटरच्या आसपास जाऊन आल्याप्रमाणे नाचल्या. मग भिंतींवर उड्डाणाच्या दिशेने आडव्या रेघा ओढल्या. अशा रेघांवरून जाताना डोळ्यांना काहीच मागे सरकताना दिसत नाही. बोगदा तोच, शक्तीचा खर्चही तोच, पण आता माशा जवळच्या खाद्यासाठी करतात तसा गोल नाच करू लागल्या. हे काम 2000 साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात नाच पाहून निघालेल्या नव्या माशांनी बोगद्यातल्या खऱ्या जागेऐवजी नाचात सांगितलेल्या दूरच्या अंतरावर शोध घेतला, म्हणजे फसवणूक पुढेही पोहोचली.

बसच्या खिडकीतून जवळची झाडे सपासप मागे जातात आणि लांबचा डोंगर हलतच नाही. माशी त्या मागे जाणाऱ्या देखाव्याची बेरीज करते असे समजावे.

काचपेटी | 22 फेब्रुवारी, रात्री 9.00

आणि म्हणूनच माझे आकडे माळरान यांना जसेच्या तसे लागू होतील याची खात्री मी देत नाही. माझ्या माशा उसाच्या आणि झाडांच्या मधून जात होत्या. पाण्यावरून उडणाऱ्या माशीला खाली मागे सरकणारे फारसे काही दिसत नाही, त्यामुळे पाण्यावर तेवढेच अंतर वाढवले तरी नाच फारच थोडा लांबतो. हेही मोजून पाहिलेले आहे. तुमच्याकडे गुडघाभर कांदा आणि पुढे मोकळे रान असेल तर तेच 1.05 सेकंद माझ्या हिशेबापेक्षा थोड्या जास्त अंतराचे असू शकतात. शेवटी बशी घेऊन त्याच दिशेला आपापले माप काढावे लागते.

बशी नेताना एक पथ्य पाळा. पहिल्यांदा ती पेटीच्या दारापाशी ठेवा, दहा-बारा माशा येऊ लागल्या की त्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्या आणि मग थोडी थोडी पुढे सरकवा. एकदम पन्नास मीटर उडी मारली तर माशा जुन्या जागी घिरट्या घालत बसतात. मोजताना नाचातील पहिली आणि शेवटची धाव सोडून द्या, कारण त्या बहुधा बेढब असतात. डावीकडून आणि उजवीकडून येणाऱ्या धावांचा कोन थोडा वेगळा पडतो, म्हणून निदान सहा धावांची सरासरी घ्या. एका धावेवर विसंबून कुणी माळ तुडवू नये.

संशयात्मा | 23 फेब्रुवारी, सकाळी 7.15

हे सगळे ऐकायला छान आहे, पण माशीच्या अंगाला फुलाचा वास लागलेला असतो आणि ती येताना त्या फुलाचा मकरंदही वाटते. बाकीच्या माशा तो वास हुंगून फूल शोधत असतील तर नाच हा केवळ आपल्याला दिसणारा योगायोग ठरतो. एड्रियन वेनर यांनी 1960च्या दशकात हेच म्हटले होते आणि त्यांचे आक्षेप पोरकट नव्हते. नाच वाचून माणूस फुलापर्यंत पोहोचला, एवढ्याने माशीही तो वाचते हे सिद्ध होत नाही.

अर्धवट_प्रयोग | 23 फेब्रुवारी, सकाळी 11.50

शेवटचे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि त्यावर बरीच वर्षे भांडण चालले. 2005 साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे नाच पाहून निघालेल्या माशांच्या पाठीवर इवली उपकरणे चिकटवून रडारने त्यांचा माग काढला. खाद्य दोनशे मीटरवर होते आणि त्याला वास नव्हता. माशा नाचात सांगितलेल्या दिशेने सरळ तेवढे अंतर गेल्या आणि तिथे पोहोचल्यावर घिरट्या घालू लागल्या. त्याहून बोलके असे की काही माशांना पेटीबाहेर पडताच पकडून दुसऱ्याच जागी नेऊन सोडले. त्या त्या नव्या जागेवरून तीच दिशा आणि तेच अंतर उडून गेल्या, म्हणजे जिथे काहीच नव्हते अशा ठिकाणी. वास हुंगत जाणारी माशी असे करणार नाही.

पण वासाचे महत्त्वही त्याच प्रयोगात दिसते. त्या जागी पोहोचलेल्या माशांपैकी मोजक्यांनाच बशी सापडली. नाच त्यांना परिसरापर्यंत नेतो, शेवटचे फूल वास आणि डोळे शोधतात.

संशयात्मा | 23 फेब्रुवारी, दुपारी 12.30

रडारचे मान्य. मग सांगा, नाच पाहणाऱ्या सगळ्या माशा तिकडे जातात का?

काचपेटी | 23 फेब्रुवारी, दुपारी 2.10

नाही, आणि इथे तुमचा संशय कामाचा आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या माशांना आधीपासून आपली एखादी जागा माहीत होती त्यांनी नाच पाहिल्यावर 93 टक्के वेळा नाचातला पत्ता बाजूला ठेवला आणि त्या आपल्या जुन्याच जागी गेल्या. नाचणारीच्या अंगाचा ओळखीचा वास आला की त्यांना एवढेच कळते की आपले फूल पुन्हा वाहते झाले. पत्ता म्हणून नाच उपयोगी पडतो तो मुख्यतः नवख्या माशांना आणि जुनी जागा आटली आहे अशांना. वसाहतीला त्याचा एकूण फायदा किती होतो यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. फुले सर्वत्र सारखी पसरलेली असतील तर फायदा थोडा आणि ती तुटक-तुटक असतील तर जास्त, असे दिसते.

वाडीतला | 23 फेब्रुवारी, रात्री 8.45

मी रत्नागिरीजवळ आंबा-काजूच्या बागेत सातेरी पाळतो. गेल्या मे महिन्यात पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी काचेच्या पेटीत पाहिले तर नाच जवळजवळ बंद होते, आणि जे होते त्यांतील धावा वाटेल तशा फिरलेल्या होत्या. मी समजलो की वसाहत आजारी पडली. ओळखीच्या एका मधपाळाने औषध द्यायला सांगितले आणि मी ते दिलेही. दुपारी तीननंतर नाच पुन्हा नीट सुरू झाले. हा उष्म्याचा परिणाम समजायचा का?

काचपेटी | 23 फेब्रुवारी, रात्री 10.05

उष्म्याचा वाटा असू शकतो, कारण तापलेल्या पेटीत पुष्कळ माशा पाणी आणायला आणि पंख्याच्या कामाला लागतात. पण तुम्ही सांगितलेली तारीख पाहून मला दुसरे कारण जास्त पटते. तो तुमच्याकडचा शून्य सावलीचा काळ आहे. सूर्य बरोबर डोक्यावर आला की त्याला दिशाच उरत नाही, मग त्याच्यापासून कोन मोजायचा कुठून? विषुववृत्तीय भागांत सूर्य माथ्यापासून दोन-तीन अंशांत असताना माशांचे नाच विस्कटतात किंवा थांबतात, हे लिंडाउअर यांनी नोंदवलेले आहे. हा प्रश्न युरोपातल्या माशीपुढे कधीच येत नाही.

आपल्याकडे याहून गमतीची गोष्ट पुढे घडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्याच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे फेब्रुवारीत तो पूर्वेकडून दक्षिणेमार्गे पश्चिमेला जातो आणि जूनमध्ये पूर्वेकडून उत्तरेमार्गे. त्या दिवसांत जन्मलेल्या माशीला सूर्याची उलटी चाल शिकावी लागते. आमच्याकडे जूनमध्ये पावसाने उघडीप दिली तेव्हा मी दुपारी बारा ते एकच्या दरम्यानचे नाच मोजण्याचा प्रयत्न केला, पण दर दहा मिनिटांनी कोन इतका सरकत होता की माझ्या नोंदींचा मलाच भरवसा वाटेना. माळरान यांनी सध्या तरी सकाळी 11च्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर मोजावे. आणि वाडीतला, औषधाची घाई पुन्हा करू नका.

माळरान | 25 फेब्रुवारी, रात्री 8.20

दोन दिवस शिवारात होतो, म्हणून उशीर झाला. सविस्तर लिहितो.

23 तारखेला 162 अंशांवर होकायंत्र धरून चाललो. 380 मीटरवर ओढा लागला, तो ओलांडून वर चढल्यावर शेजाऱ्यांचा धन्याचा प्लॉट आहे. रस्त्यावरून तो दिसत नाही, म्हणून तो माझ्या लक्षातच नव्हता. सगळा पांढरा फुलला होता आणि सातेरीच्या आवाजाने घुमत होता. प्लॉटची जवळची कड पेटीपासून 410 मीटरवर आणि लांबची 490 मीटरवर भरली.

त्या माझ्याच माशा कशावरून, असे संशयात्मा विचारणार हे ओळखून पिठाच्या चाळणीत थोडा मैदा घेतला आणि फुलांवर बसलेल्या तीसएक माशांवर हलकेच भुरभुरला. काचेच्या पेटीपाशी मुलाला बसवले होते. त्याने पुढच्या वीस मिनिटांत दोन पांढऱ्या माशा आत येताना पाहिल्या आणि त्यांतील एक नाचली. तिची धाव त्या वेळच्या सूर्याशी जुळवली, तर दिशा 158 अंश आली.

काल बशीचे मापही सुरू केले. 100 मीटरवर 0.38 आणि 200 मीटरवर 0.55 सेकंद आले, म्हणजे काचपेटी यांच्यापेक्षा थोडे कमी. बहुधा मोकळ्या रानामुळे असेल. या मापाने 1.05 सेकंदांचे जवळजवळ पाचशे मीटर होतात, म्हणजे प्लॉटच्या लांबच्या कडेपाशी. 300 मीटरचे माप अजून घ्यायचे आहे.

संशयात्मा | 25 फेब्रुवारी, रात्री 8.50

दोन माशा म्हणजे फार मोठा पुरावा नाही, पण मैद्याबद्दल दाद देतो.

निवृत्त_मास्तर | 25 फेब्रुवारी, रात्री 9.15

मग आता कांद्याचे काय? माशांना धन्याचा पत्ता कळला आहे आणि त्या एकमेकींना तोच सांगत राहणार.

काचपेटी | 25 फेब्रुवारी, रात्री 10.30

कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते आणि माशांना ते रुचत नाही. जवळ दुसरे काही असेल तर त्या कांदा सोडतात. आवडलेल्या मालासाठी माशी जास्त वेळा धावते आणि दोन धावांमधली परत फेरी झटपट उरकते. रुचला नाही तर दोन-तीन धावा घेऊन थांबते किंवा नाचतच नाही. त्यामुळे पोळ्यावर धन्याचा गाजावाजा होतो आणि कांद्याचे नावही निघत नाही. पेट्या गोंडे उमलण्याआधीच आणून ठेवल्या असतील तर माशांनी तोवर धन्याची वाट धरली असणार. म्हणून दहाएक टक्के गोंडे उमलल्यावरच पेट्या आणाव्यात असे सांगतात. माळरान, तुम्ही पेट्या कधी ठेवल्या होत्या?

माळरान | 25 फेब्रुवारी, रात्री 10.50

एखाद-दुसरा गोंडा उमलला होता तेव्हाच ठेवल्या, म्हणजे बऱ्याच आधी. यंदा ती चूक झाली. दोन पेट्या उद्या रात्री पाच किलोमीटरवरच्या मावशीच्या मळ्यात हलवतो आणि आठवड्याने परत आणून प्लॉटच्या मध्यभागी ठेवतो, तोवर गोंडे भरात येतील.

आणखी एक कोडे उरले आहे. सकाळी 9च्या सुमारास काही माशा 0.5 सेकंदाच्या आसपास धावतात आणि त्यांच्या सर्व धावा पश्चिमेकडे दाखवतात. माझ्या मापाने ते सुमारे 170 मीटर होतात. त्यांच्या पायांवर पराग नसतो. तिथे शेततळ्याशिवाय काहीही नाही. पाण्यासाठीही माशा नाचतात का?

काचपेटी | 25 फेब्रुवारी, रात्री 11.10

नाचतात, पेटीला पाण्याची गरज असेल तेव्हा. पण फेब्रुवारीत सकाळी 9 वाजता एवढी गरज असावी याचे मला आश्चर्य वाटते. तळ्याच्या कडेला ओल्या मातीवर माशा सोंड लावून बसलेल्या दिसतात का ते आधी पाहा. दिसल्या नाहीत तर तळ्याच्या पलीकडे पाहा. वाट पाण्यावरून जात असेल तर 0.5 सेकंद म्हणजे 170 मीटर हे माप तिथे लागू पडणार नाही, खरी जागा त्याहून लांब असेल. तळे केवढे आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे?

माळरान | 26 फेब्रुवारी, सकाळी 7.05

तळे तीस मीटर रुंद आहे. पलीकडच्या बांधावर शेवग्याची चार झाडे आहेत, पण ती पेटीपासून 210 मीटरवर भरतात. आता मैद्याची चाळणी घेऊन तिकडेच निघालो आहे.